ओळीआधीची चार वाक्यं: भाषणात म्हण किंवा अभंग कसा वापरावा

निरोप समारंभ, सत्कार, वर्धापनदिन. वक्ता उठतो, कागद उलगडतो आणि पहिल्याच वाक्यात म्हणतो, "संत तुकाराम महाराजांनी म्हटलंच आहे…" समोरचे लोक तेवढ्यात खुर्चीत सरसावून बसत असतात, कुणी मोबाईल बंद करत असतं. ओळ येते आणि निघून जाते. पुढे वक्ता तिचा अर्थ सांगतो, म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्यांदा होते. ओळ उत्तम असते, पण तिच्या आधी काहीच घडलेलं नसतं.

भाषणात पहिल्यांदाच एखादी म्हण किंवा अभंगाची ओळ वापरायची असेल, तर मेहनत तिच्या आधीच्या चार-पाच वाक्यांवर आणि नंतरच्या एका वाक्यावर करायची असते. ती कशी करायची, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, एका ग्रंथालयातल्या ग्रंथपाल बाई निवृत्त होताहेत आणि सहकारी म्हणून तुम्हाला तीन मिनिटं बोलायचं आहे. बाईंचं मोठं काम असं की, मुलांच्या विभागातल्या कपाटांना पूर्वी कुलपं असायची. ती निघावीत म्हणून त्या दर महिन्याला अर्ज देत राहिल्या आणि शेवटी ती निघाली. तुम्हाला तुकोबांची ही ओळ आठवली:

ओले मूळ भेदी खडकाचे अंग ।
अभ्यासासी सांग कार्यसिद्धि ॥

आधी ओळ उलगडून पाहा

ओळ आवडली, एवढं पुरेसं नाही. ती नेमकं काय सांगते, याचे तुकडे पाडून पाहा. वरच्या ओळीच्या पहिल्या अर्ध्या भागात तीन गोष्टी आहेत. मूळ ओलं आहे, म्हणजे मऊ आहे. समोर खडक आहे. आणि मूळ त्यातून पार जातं, ज्याला अर्थातच वेळ लागतो. तिन्ही गोष्टी तुमच्या माणसाच्या बाबतीत खऱ्या असल्या, तरच ही ओळ त्यांची. बाई समितीशी कडाडून भांडल्या असत्या, मोर्चा नेला असता, तर "ओले" हा शब्द खोटा पडला असता. काम तितकंच मोठं राहिलं असतं, पण ओळ दुसरी शोधावी लागली असती.

नवखे वक्ते इथेच घसरतात. "चिकाटी" असा विषय मनात धरतात आणि त्या खणात सापडेल ती ओळ उचलतात. मग ओळीतला सगळ्यात जिवंत शब्द, इथे "ओले", भाषणात नुसता बसून राहतो.

दुसरा निर्णय किती ओळ घ्यायची हा. इथे मी पहिला अर्धा भागच घेईन. दुसऱ्या भागात अभंग स्वतःच तात्पर्य सांगतो. वाचताना ते छान वाटतं, सभेत मात्र चित्रानंतर लगेच तात्पर्य आलं की चित्राचा परिणाम ओसरतो. शिवाय "अभ्यास" म्हटलं की आजच्या कानाला वह्या-पुस्तकं आठवतात, आणि ग्रंथालयाच्या कार्यक्रमात तर हमखास. इथे अर्थ आहे पुन्हा पुन्हा करत राहणं. ते समजावण्यात दोन वाक्यं खर्चण्यापेक्षा तो भाग सोडलेला बरा.

आणि हो, पूर्ण अभंग गाथेत उघडून एकदा तरी वाचा. फिरत्या संदेशांमधल्या ओळींवर विसंबू नका. शब्द बदललेले असतात, कधी एकाची ओळ दुसऱ्याच्या नावावर चढलेली असते. सभेत एखादा तरी श्रोता असा असतोच ज्याला अख्खा अभंग पाठ आहे, आणि तो नेमका पहिल्या रांगेत बसतो.

आता आधीची वाक्यं

नियम एकच आहे, पण पाळायला कठीण आहे. ओळीतले शब्द आणि ओळीतला गुण, दोन्ही ओळीआधी उच्चारायचे नाहीत. वरच्या ओळीसाठी मूळ, झाड, दगड, खडक, ओलावा हे शब्द बंद. चिकाटी, जिद्द, नम्रता, सातत्य, हळूहळू हेही बंद. उरतं काय? घडलेल्या गोष्टी. त्या तेवढ्या सांगायच्या. मसुदा असा होईल:

"बाई आल्या तेव्हा मुलांच्या कपाटांना कुलपं होती. मुलाने पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं, मग कपाट उघडायचं. बाईंनी समितीला अर्ज दिला, कपाटं उघडी ठेवू या. उत्तर आलं, पुस्तकं फाटतील. पुढच्या महिन्यात बाईंनी पुन्हा अर्ज दिला. उत्तर आलं, पुस्तकं हरवतील. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा अर्ज. बाईंचा आवाज चढलेला आमच्यापैकी कुणीही ऐकला नाही. नकाराचं पत्र त्या नीट घडी घालून फाइलला लावायच्या. एकदा मी विचारलं, 'बाई, कंटाळा नाही का येत?' म्हणाल्या, 'अहो, कागद तर आपल्याच घरचा आहे.'

तुकोबांची एक ओळ आहे.

ओले मूळ भेदी, खडकाचे अंग.

आज त्या कपाटांना कडीसुद्धा नाही."

आता यात काय कुठे बसलंय ते पाहा. दोन नकार आणि त्यांची कारणं म्हणजे खडक. चढलेला आवाज न ऐकणं आणि पत्राची घडी म्हणजे ओलेपणा. "पुढच्या महिन्यात", "त्याच्या पुढच्या महिन्यात" हा वेळ. ओळीतल्या तिन्ही गोष्टींना एकेक जागा मिळाली, पण एकीचंही नाव घेतलं नाही. म्हणून ओळ येते तेव्हा श्रोता ते जुळवणं स्वतः करतो. मूळ कोण आणि खडक कोण, हे त्याला कळतं आणि आपल्याला कळलं याचा त्याला आनंद होतो. आपण त्याच्या आधीच सांगून टाकलं की तो आनंद आपण खाल्ला.

हे पटत नसेल तर एक प्रयोग करा. मसुद्यातून आवाजाचं आणि पत्राच्या घडीचं वाक्य काढा आणि पुन्हा मोठ्याने वाचा. बाई आता एक हट्टी अर्जदार वाटतात, आणि ओळ आल्यावर "ओले" कशाला, असं वाटून जातं. मग उलट करा. ती वाक्यं ठेवा आणि नकारांची कारणं काढा. आता खडक नाहीसा होतो, बाई नुसत्याच गोड स्वभावाच्या उरतात. कोणतं वाक्य कशाचं ओझं उचलतंय, हे असं काढून पाहिल्यावरच कळतं.

"कागद आपल्याच घरचा आहे" हे वाक्य मुद्दाम ओळीच्या अगदी आधी ठेवलंय. त्यावर लोक हसतील. हसू ओसरतं त्या क्षणी सभागृह शांत असतं आणि सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडे असतं. गंभीर ओळीला याहून चांगली जागा मिळत नाही. मात्र हसू चालू असताना ओळ सुरू करू नका, पहिले दोन शब्द वाहून जातील.

ओळ अवघड असेल तर नियम उलटा

वरची ओळ आजच्या कानाला कळते. सगळ्या कळत नाहीत. त्याच अभंगात पुढे "दोरे चिरा कापे पडिला काचणी" असं येतं. चिरा म्हणजे घडीव दगड, आणि दोर त्यावर सतत घासत राहिला की तो दगड कापला जातो. वाचताना कळेल, पण ऐकताना "चिरा" आणि "काचणी" यांवर अर्धी सभा अडखळेल. अशा वेळी शब्द लपवण्याऐवजी आधीच पेरायचे असतात, तेही सहज, दुसरंच काही बोलताना. उदाहरणार्थ, भाषणाच्या सुरुवातीला कुठेतरी: "जुन्या विहिरीच्या काठावरचा चिरा पाहिलाय? दोराने काचून त्याला खोल खाच पडलेली असते." एवढं सांगून सोडून द्यायचं. दीड मिनिटाने ओळ येते तेव्हा शब्द ओळखीचे झालेले असतात. ओळ म्हणून झाल्यावर शब्दार्थ सांगावा लागला, तर समजा की पेरणी राहिली.

सोपी ओळ लपवा आणि अवघड ओळ पेरा. कोणती सोपी हे स्वतःवरून ठरवू नका, कारण तुम्ही ती दहा वेळा वाचलेली असते. घरातल्या कुणाला तरी एकदाच, कागद न दाखवता ऐकवा आणि काय कळलं ते विचारा.

त्याच माणसावर दुसरी चाचणीही घ्या. आधीची वाक्यं वाचा आणि ओळीच्या तोंडाशी थांबा. समोरचा "म्हणजे चिकाटीचं फळ" असं काही स्वतःहून बोलला, तर तुम्ही फार सांगितलंय, गुणाचं नाव कुठेतरी निसटलंय. तो कोरा चेहरा करून बसला, तर घटना कमी पडल्यात. "मग? कुलपं निघाली का?" असं विचारलं, तर थांबा, मसुद्याला हात लावू नका.

कुणाची ओळ, हे कधी सांगायचं

आधी सांगा आणि थोडक्यात सांगा. "तुकोबांची एक ओळ आहे" पुरे. "महाराष्ट्राचे थोर संत, जगद्गुरू" अशी माळ लावली की आवाजाला भाषणी चढ येतो आणि आतापर्यंत साधं बोलणारा माणूस एकदम व्यासपीठावर चढतो. ओळीनंतर तर नाव घेऊच नका. शेवटचा शब्द "अंग" घुमत असताना "असं तुकाराम महाराज म्हणतात" ही पुरवणी तो घुमणं बंद करते.

एक अपवाद आहे. "असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास तुका म्हणे." इथे नाव ओळीतच आहे. आधी "तुकाराम महाराज म्हणतात" म्हटलं तर ते दोनदा होतं. अशी ओळ नाव न घेता सरळ सुरू करावी, नाममुद्रा आपलं काम करते. पण मग हेही लक्षात घ्या की शेवटी आवाज टेकतो तो नावावर, मुद्द्यावर टेकत नाही. नावाचं वजन हवं असेल तिथे ती घ्या, चित्र हवं असेल तिथे वरची.

म्हणीला "अशी एक म्हण आहे" ही प्रस्तावना कधीच नको. ती म्हण आहे हे लोकांना माहीत असतं.

म्हणताना

थांबायच्या जागा शोधत बसू नका, छंद त्या देतो. मोठ्या अभंगात चार चरण असतात, पहिले तीन सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. जोडाक्षर एकच धरायचं. मोजून पाहा: "ओले मूळ भेदी" सहा, "खडकाचे अंग" सहा, "अभ्यासासी सांग" सहा, "कार्यसिद्धि" चार. प्रत्येक चरणानंतर एक छोटा थांबा. आपल्या उदाहरणात तो एकदाच येतो, "भेदी"नंतर. तिथे थांबल्यावर श्रोता क्षणभर विचारतो, काय भेदतं? मग खडक येतो. एका दमात म्हटलं तर हा प्रश्न पडायला वेळच मिळत नाही.

ओळीच्या आधी एक श्वास घ्या. ओळीनंतर दोन घ्या, आणि तेव्हा कागदाकडे पाहू नका. नवख्या माणसाला हे दोन श्वास फार लांब वाटतात. श्रोत्यांना ते पुरतही नाहीत. घाईने पुढचं वाक्य सुरू करणं ही सगळ्यात सामान्य चूक आहे. भाषण मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं की लगेच पकडता येते.

चाल लावू नका, तुम्ही गाणारे असलात तरी. चाल लागली की लोक गळा ऐकतात. बोलण्याच्याच आवाजात, फक्त थोडं सावकाश म्हणा.

ओळ पाठ असली तरी कागदावर ठळक, वेगळ्या ओळीत लिहून ठेवा आणि थांब्याच्या जागी तिरकी रेघ मारा. घाबरल्यावर माणूस स्वतःचे शब्द नीट बोलतो आणि पाठ केलेले उलटसुलट करतो. तरीही अडलात, तर पहिल्यापासून सुरू करू नका. "तुकोबांनी मुळाबद्दल म्हटलंय, खडकातून वाट काढणाऱ्या मुळाबद्दल" असं साध्या बोलीत सांगा आणि पुढच्या वाक्याला लागा.

ते पुढचं वाक्य म्हणजे "आज त्या कपाटांना कडीसुद्धा नाही." ओळीनंतर तिचा अर्थ सांगायचा नसतो, "म्हणजे" हा शब्द तर टाळाच. एक घडलेली गोष्ट सांगा, जिच्यामुळे ओळ पुन्हा माणसाकडे येते. ती आधी कुठे खर्चू नका. कपाटं आता उघडी आहेत हे सभेतल्या प्रत्येकाला माहीत आहे, तरी भाषणात ते इथवर राखून ठेवायचं.

म्हणीचं गणित वेगळं

अभंगाची ओळ अनेकांना नवी असू शकते. म्हण तशी नसते. तुम्ही "थेंबे थेंबे" म्हणता तोवर सभेने "तळे साचे" पूर्ण केलेलं असतं. म्हणून पूर्ण म्हण ठसक्यात म्हणणं बहुतेक वेळा वाया जातं. तिचा एक तुकडा वापरा, उरलेलं लोकांवर सोडा. आपल्याच उदाहरणात, समितीची कारणं सांगताना: "पहिल्या महिन्यात पुस्तकं फाटणार होती. दुसऱ्या महिन्यात हरवणार होती. तिसऱ्या महिन्यात कळलं, अंगणच वाकडं आहे." "नाचता येईना" हे कुणी उच्चारलं नाही, पण सगळ्यांनी ऐकलं. हशा इथे पिकतो, कारण अर्धी म्हण श्रोत्यांनी स्वतः भरली.

पण थांबा. समितीचे तेच सदस्य व्यासपीठावर बसले असतील, तर हा टोला त्यांना लागतो आणि निरोप समारंभ वादाचा होतो. मी तरी बाईंच्या समारंभात हे वाक्य ठेवणार नाही. बाईंनी कधी आवाज चढवला नाही असं एका तोंडाने सांगायचं आणि त्यांच्या वतीने आपण टोमणा मारायचा, हे जुळत नाही.

यावरून म्हणीची मुख्य परीक्षा लक्षात येते. म्हणीतल्या प्रत्येक नामावर सभेतलं एकेक माणूस बसवून पाहा. आभाराच्या भाषणात "बुडत्याला काडीचा आधार" असं भारावून म्हटलं जातं. बुडता मी, ठीक आहे. पण काडी कोण? ज्यांनी मदत केली ते! नव्या अधिकाऱ्याचं स्वागत करताना "दगडापेक्षा वीट मऊ" म्हटलं, तर ते कौतुक नाही, नाइलाजाने स्वीकार आहे, आणि आधीच्या अधिकाऱ्याला दगड म्हटलं ते वेगळंच. "झाकली मूठ सव्वा लाखाची" ही एकजुटीसाठी वापरलेली ऐकू येते. तिचा अर्थ मूठ उघडली तर आत काही नाही, असा होतो. म्हण वापरणाऱ्याला हे सुचत नाही, ऐकणाऱ्याला नेमकं सुचतं.

जुन्या म्हणींपैकी बऱ्याच जातींवरून, बायकांवरून किंवा अपंगत्वावरून बेतलेल्या आहेत. तशा सरळ सोडा. "म्हण आहे म्हणून म्हणतो, राग मानू नका" या प्रस्तावनेने काही सावरत नाही.

किती, आणि आयत्या वेळी काय

तीन मिनिटांच्या भाषणात एक. अभंगही आणि म्हणही ठेवलीत तर पहिली दुसरीला पाडते आणि लोकांना वक्त्याचा संग्रह तेवढा आठवतो. दहा मिनिटं मिळाली तरी दुसरी ओळ घेण्यापेक्षा पहिलीच्या आधी आणखी एक प्रसंग घालणं मला जास्त पटतं.

जागेचं म्हणाल तर भाषणाचा शेवटचा तिसरा भाग. सुरुवातीला ओळ टाकायची हौस आवरत नसेल, तर निदान कार्यक्रमपत्रिका पाहून घ्या. पहिले चार वक्ते तेच करणार असतात.

यातूनच येणारी एक अडचण नेहमीची आहे. तुमच्या आधीच्या वक्त्याने तुमचीच ओळ म्हणून टाकली. घाबरायचं कारण नाही, तुमच्याकडे आधीची वाक्यं आहेत, त्याच्याकडे बहुधा नव्हती. ती जशीच्या तशी बोला आणि "कागद तर आपल्याच घरचा आहे" यानंतरचं हसू ओसरलं की ओळ गाळून थेट "आज त्या कपाटांना कडीसुद्धा नाही" वर या. लोकांनी ओळ मघाशी ऐकलेली आहे, ती त्यांच्या मनात आपोआप जागेवर येते. "मघाशी अमुक सरांनी म्हटल्याप्रमाणे" असं म्हणून ती पुन्हा म्हणण्याचा मोह होईल. तो टाळा. हा बदल आयत्या वेळी सुचत नाही, म्हणून घरून निघतानाच कागदावर ओळीभोवती चौकट आखून ठेवा. चौकटीतलं गाळलं तरी वरचं आणि खालचं वाक्य सलग वाचता येतंय ना, हे एकदा मोठ्याने वाचून तपासा.